मुनीर सरांचं राहिलेलं कार्ड

कुणी काही सांगायला लागलं की मुनीर सर ते शेवटपर्यंत ऐकून घ्यायचे, चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसायचे आणि विचारायचे, "तू तिथं होतीस का?"

सायखेड्याच्या शाळेत ते आम्हाला मराठी शिकवत. नाशिकहून एसटीने येत आणि एसटीनेच परत जात. त्यांच्या पिशवीत एक डबा, एक छत्री आणि खडू पुसायचं फडकं असे. आवाज मोठा नव्हता. वर्ग गोंधळ घालू लागला की ते बोलायचं थांबत आणि खिडकीबाहेर बघत बसत. त्यांचा तो थकलेला चेहरा पाहून आम्हीच गप्प व्हायचो. वर्गात काही हरवलं आणि कुणी कुणाचं नाव घेतलं, तर सर रागावत नसत. त्यांचा प्रश्न ठरलेला होता. "तू पाहिलंस? नाही? मग कुणी सांगितलं? त्याने पाहिलं?" एवढं विचारेपर्यंत निम्मी भांडणं मिटत.

मी आज पदवीधर आहे ती या प्रश्नामुळे. बारावीनंतर मला नाशिकला पाठवायला वडील तयार नव्हते. आमच्या घरात तोवर कुणी कॉलेज पाहिलेलं नव्हतं. सर एका रविवारी मुद्दाम सायखेड्याला आले आणि आमच्या ओट्यावर बसले. वडील म्हणाले, "मास्तर, कालेजात पोरी हाताबाहेर जात्यात म्हणं. त्या अमक्याची पोरगी पळून गेली ना." सरांनी चष्मा पुसला. "दादा, तुम्ही तिथं होतात का?" वडील म्हणाले, "मी कशाला असू?" "मग कुणी पाहिलं?" अशी चौकशी चालत चालत ती पळून गेलेली मुलगी शेवटी पिंपळगावला मामाकडे शिवणकाम शिकायला गेलेली निघाली. वडील मग म्हणाले, "मास्तर, तुमच्याशी बोलायचं म्हंजी लय काम हाय." जूनमध्ये त्यांनीच मला कॉलेजच्या दारात सोडलं.

पुढे मी एम. ए. झाले आणि नाशिकमध्ये एका शाळेत लागले. सर तोवर निवृत्त झाले होते. जुन्या नाशकात, चढाच्या गल्लीत, एका जिन्यावर त्यांच्या दोन खोल्या होत्या. लग्न त्यांनी केलं नव्हतं. एकदा त्यांचा फोन आला. म्हणाले, एक पुस्तक लिहितोय, मराठीत. आमची पोरं आता उर्दू वाचत नाहीत. कुराणातल्या आयती, म्हणजे ईश्वराकडून आलेली वचनं, कुठल्या प्रसंगाने उतरल्या, ते त्यांना त्यांच्या भाषेत सांगायचंय. अरबी मी बघेन, मराठी तुझ्याकडून तपासून हवं. तेव्हापासून दर रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे जाऊ लागले. काम सोपं होतं. सरांनी लिहिलेलं मी मोठ्याने वाचायचं, कानाला खटकेल तिथे थांबायचं आणि नंतर घरी टाइप करायचं.

सरांनी ते सगळं कार्डांवर लिहिलं होतं. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून केलेली कार्डं, बुटांच्या खोक्यांत ओळीने लावलेली. प्रत्येक आयतीचं एक कार्ड. वर आयत, खाली चार ओळी. सांगणारा कोण? तो त्या वेळी हजर होता का? त्याच्यापासून आपल्यापर्यंत कुणाकुणाच्या तोंडून आलं? आणि चौथी ओळ शब्दांची. 'असं असं घडलं, तेव्हा ही आयत उतरली' असे शब्द असले, तर सर हिरवं टिंब देत. नुसतं 'ही आयत याबद्दल उतरली' असं असलं, तर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह. मी कारण विचारलं. ते म्हणाले, दुसऱ्या प्रकारात सांगणारा कधी कधी प्रसंग सांगत नसतो, आयतीचा अर्थ आपल्या समजुतीने लावत असतो. दोन्ही एका मापाने मोजायचे नाहीत. प्रसंग डोकं लढवून काढता येत नाही, वैशाली. तो पाहणाऱ्याकडूनच यावा लागतो.

मला सुरुवातीला वाटायचं, आयत समोर आहे, अर्थ समोर आहे, मग एवढा खटाटोप कशाला? सरांनी मला सफा-मरवाचं कार्ड वाचायला दिलं. मक्केतल्या या दोन टेकड्यांमध्ये यात्रेकरू फेऱ्या घालतात. आयत म्हणते, ज्याने फेऱ्या घातल्या त्याच्यावर दोष नाही. उरवा नावाच्या तरुणाने आपल्या मावशीला, म्हणजे पैगंबरसाहेबांच्या पत्नी हजरत आयेशांना म्हटलं की मग नाही घातल्या तरी चालतील. त्या म्हणाल्या, भाच्या, वाईट बोललास. इस्लामच्या आधी मदिनेचे लोक मनात नावाच्या देवीला मानत आणि त्या दोन टेकड्यांत फिरणं त्यांना गैर वाटे. मुसलमान झाल्यावरही ती अढी जाईना. त्यांनी विचारलं, तेव्हा आयत उतरली की फिरायला दोष नाही. सवलत दिलेली नव्हती, भीती काढलेली होती.

"आता कळलं?" सर म्हणाले. "आयत उत्तर आहे. प्रश्न माहीत नसेल तर उत्तर भलत्याच प्रश्नाला चिकटवतो माणूस."

याच कार्डांनी त्यांना थकवलंही होतं. सालबा नावाच्या माणसाची एक गोष्ट ते शाळेत वर्षानुवर्षं सांगत. मलाही आठवत होती. गरीब माणूस, त्याने पैगंबरसाहेबांकडे संपत्तीसाठी दुआ मागितली, शेळ्यामेंढ्या वाढल्या, नमाज सुटली आणि शेवटी त्याने जकात, म्हणजे गरिबांसाठीचं सक्तीचं दान, द्यायला नकार दिला, तेव्हा त्याच्यावर आयत उतरली. गोष्ट मुलांना फार आवडे. कार्ड लिहायला घेतल्यावर सरांना दिसलं की सांगणाऱ्यांच्या साखळीत एक जण अगदी कच्चा आहे आणि मोठमोठ्या जाणकारांनी ही गोष्ट नाकारली आहे. त्यात तो सालबा पैगंबरसाहेबांच्या बाजूने बद्रच्या लढाईत लढलेला मानाचा माणूस, असंही काहींनी लिहिलेलं. मी गेले तेव्हा सर ते कार्ड मांडीवर घेऊन बसले होते.

"आयत खरी आहे," ते म्हणाले. "माणूस बहुधा खोटा जोडलाय. तीस वर्षं मी त्या बिचाऱ्याला कंजूष म्हणून पोरांसमोर उभा केला. मी होतो का तिथं?" मग ते कार्ड त्यांनी फाडलं नाही. त्यावर 'प्रसंग सिद्ध नाही' असं लिहून परत खोक्यात ठेवलं. त्या रविवारी आम्ही आणखी काही वाचलं नाही.

सरांना एक धाकटी बहीण होती, रुबीना. मी त्यांना रुबीनाआपा म्हणे. आई-वडील लवकर गेले, तेव्हा ही नऊ वर्षांची. सरांनीच तिला वाढवलं, शिकवलं आणि इगतपुरीला रेल्वेत काम करणाऱ्या यूसुफभाईंशी तिचं लग्न लावून दिलं. त्यांना मूलबाळ नव्हतं. संसार मात्र बावीस वर्षांचा होता. सरांचं खुब्याचं हाड मोडलं आणि ऑपरेशन झालं, तेव्हा आपा त्यांची सेवा करायला नाशिकला आल्या. पंधरा दिवसांसाठी आलेल्या, चार महिने राहिल्या. इगतपुरीचा पावसाळा, ड्यूटी, एकट्याचं घर. यूसुफभाई फोनवर कुरकुर करू लागले, मग भांडू लागले. एक दिवस त्यांनी रागाच्या भरात कागदावर एक तलाक लिहून पाठवला. एकच. तलाकनंतरच्या तीनेक महिन्यांच्या मुदतीत शब्द परत घेता आला असता, पण ते अडून बसले आणि सरही अडून बसले. मुदत संपली. आपा भावाकडेच राहिल्या.

आणि मग यूसुफभाईंना पश्चात्ताप झाला. मी त्या रविवारी तिथे होते, म्हणून सांगते. ते जिन्यात खालच्या पायरीवर उभे होते, हातात पिशवी, केस विस्कटलेले. त्यांना आपांशी पुन्हा निकाह करायचा होता. एकच तलाक असल्यामुळे त्याला काही आडकाठी नव्हती. नवी मेहेर, म्हणजे नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम, आणि नवा निकाह, एवढंच लागत होतं. सर काठी टेकत जिन्याच्या तोंडाशी आले. मला त्यांचा असा आवाज माहीत नव्हता.

"बहीण दिली तुला. मान दिला, जावयासारखा नाही, भावासारखा. आणि तू कागद पाठवलास. आता पुन्हा मागायला आलास? वल्लाह, शपथ घेतो, यूसुफ, ती आता कधी तुझ्या घरात येणार नाही."

यूसुफभाई पिशवी पायरीवर ठेवून गेले. त्यात आपांना आवडणारे करवंदांचे द्रोण होते. आपांनी करवंदं धुतली आणि माझ्यापुढे ठेवली. स्वतः एकही खाल्लं नाही.

आपांना परत जायचं होतं. ते त्यांनी मला स्वयंपाकघरात सांगितलं, कांदा चिरता चिरता, मान वर न करता. म्हणाल्या, "आमच्यात मोठ्या बाईला भावाची परवानगी लागतेच असं नाही, हे भाईजाननेच मला शिकवलंय. काझीकडे मी एकटी जाऊ शकते. पण ज्याने मला नवव्या वर्षापासून भरवलं, त्याच्या पाठीमागून जाऊ? तशी मी जाणार नाही. आणि न जाता मी सुखी पण होणार नाही." मग हसल्या. "तू लिहिणारी ना? लिही, बाई दोन्हीकडून फसली."

मी सरांना काही बोलण्याइतकी मोठी नव्हते. रविवार चालू राहिले. सर आता जास्त थकलेले दिसत. वाचताना मध्येच विचारत, कुठवर आलो? आपा चहा ठेवून जात. दोघं माझ्यासमोर मराठीतच बोलत, पाहुण्यासमोर पाहुण्याची भाषा असा सरांचा नियम होता, पण आता तेही दोनचार शब्दांवर आलं होतं.

अशात टाइप करताना माझ्या लक्षात आलं की दुसऱ्या सूरेत, म्हणजे अध्यायात, दोनशे एकतिसाव्या आयतीनंतर एकदम दोनशे तेहेतिसावी येते. मधलं कार्ड नव्हतं. मला वाटलं, माझ्याकडूनच हरवलं. पुढच्या रविवारी सर आंघोळीला गेले असताना मी खोकी शोधू लागले. ते कार्ड शेवटच्या खोक्यात, सगळ्यांच्या मागे, पालथं घातलेलं सापडलं. शाई जुनी होती. हिरवं टिंबही होतं. सर येऊन बसले तेव्हा मी आनंदाने म्हटलं की राहिलेलं कार्ड मिळालं. त्यांनी कार्डाकडे पाहिलं आणि नजर खिडकीबाहेर वळवली. त्याचा अर्थ मला कळला नाही. काम म्हणून मी वाचायला सुरुवात केली. आपा दारात चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या.

"'तुम्ही स्त्रियांना तलाक दिलात आणि त्यांची मुदत पूर्ण झाली, की त्यांनी आपल्या पतींशी निकाह करण्यात आडकाठी करू नका, दोघं रीतीप्रमाणे आपसात राजी असतील तर.'"

खाली सरांचं टिपण होतं. वरवर पाहता ही ताकीद तलाक देणाऱ्या नवऱ्यांना वाटते. पण आपल्याशीच लग्न करायला नवरा कसा अडवेल? प्रसंग कळल्याशिवाय इथे कुणाला सांगितलं आहे ते कळत नाही. सांगणारे पैगंबरसाहेबांचे सोबती मअकिल बिन यसार. स्वतः हजर. नुसते हजर नाहीत, आयत त्यांच्याच बाबतीत उतरली, असं त्यांनी स्वतःच्या तोंडाने पुढच्या पिढीतले विद्वान हसन बसरी यांना सांगितलं. साखळी पक्की.

मी पुढे वाचत गेले. "'मी माझी बहीण एका माणसाला दिली. त्याने तिला तलाक दिला. मुदत संपल्यावर तो पुन्हा मागणी घालायला आला. मी म्हणालो, मी तुला बहीण दिली, तुझा मान ठेवला आणि तू तिला तलाक दिलास, आणि आता पुन्हा मागायला आलास. अल्लाहची शपथ, ती कधीही...'"

तिथे मी थांबले. जिन्यातले शब्द मला आठवले. कपबशांचा बारीक आवाज झाला. सर डोळे मिटून बसले होते.

"वाच," ते म्हणाले.

"'माणूस वाईट नव्हता. आणि बाईला त्याच्याकडे परत जायचं होतं. तेव्हा अल्लाहने ही आयत उतरवली.'"

सरांनी डोळे उघडले. मग सर माझ्याशी बोलल्यासारखे बोलू लागले, पण माझ्याशी नव्हे. याच आयतीवर दुसरा एक प्रसंग सांगतात, एका सहाबीच्या, म्हणजे पैगंबरसाहेबांच्या दुसऱ्या सोबत्याच्या, चुलत बहिणीचा. पण तो सांगणारा त्या काळात जन्मलेलाही नव्हता, त्याची साखळी मध्येच तुटते. म्हणून मअकिलचाच धरायचा. मग म्हणाले, प्रसंग मअकिलचा आहे. त्याची बहीण, त्याचा मेहुणा. प्रत्येक घर वेगळं असतं.

आपांनी ट्रे खाली ठेवला. "भाईजान, तुम्हीच शिकवता ना, प्रसंग एकाचा आणि हुकूम सगळ्यांचा?"

सर म्हणाले, "त्यात लिहिलंय, माणूस वाईट नव्हता."

"तेच म्हणते मी. चांगला होता असं कुठं लिहिलंय? वाईट नव्हता, एवढंच. माझा पण वाईट नाही."

सरांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. हातातच धरून बसले. मग हळूच म्हणाले, "मी पडलो नसतो तर तुझं घर मोडलं नसतं. त्याला माफ केलं, तर मग दोष कुणावर टाकू?"

आपा म्हणाल्या, "टाकायलाच पाहिजे का?" आणि आत गेल्या. चहा तसाच राहिला. सरांनी मला त्या दिवशी लवकर घरी पाठवलं. निघताना म्हणाले, ते कार्ड घेऊन जा, टाइप कर. त्याची जागा दोनशे एकतीसच्या पुढे.

घरी टाइप करताना मी कार्ड उलटून पाहिलं. मागे, पत्रिकेच्या छापील गणपतीच्या खाली उरलेल्या जागेत, आणखी दोन ओळी होत्या. आयत ऐकून मअकिल म्हणाले, आता करतो. दुसऱ्या एका रिवायतीत, म्हणजे दुसऱ्याने सांगितलेल्या हकिकतीत, त्यांचे शब्द असे: मी माझ्या शपथेचा कफ्फारा दिला आणि तिचा निकाह त्याच्याशी लावून दिला. कफ्फारा म्हणजे काय, ते मला दुसऱ्या एका कार्डामुळे ठाऊक होतं. मोडलेल्या शपथेचं प्रायश्चित्त. दहा गरिबांना जेवू घालायचं.

पुढच्या शनिवारी सरांचा फोन आला. उद्या वाचायचं नाही, म्हणाले. दहा डबे पोचवायचे आहेत, माझा पाय चालत नाही, सोबत येशील? मी दहा का, ते विचारलं नाही.

पुढचं सगळं मला कळलं ते आपांकडून. डब्यांच्या रविवारनंतरच्या शुक्रवारी इगतपुरीला निकाह झाला. सरांनी वली, म्हणजे वधूचा पालक म्हणून स्वतः होकार सांगितला. गाडीत जाताना भाऊ-बहीण दोघं होते आणि येताना सर एकटेच होते. माझ्या शाळेत परीक्षा होती, मी तिथे नव्हते. त्यानंतर महिन्याभरातच पावसात सर गेले, झोपेत. तेव्हाही मी सायखेड्याला होते. मअकिलच्या आयतीपर्यंत टाइप झालेली पानं माझ्याकडे आहेत. पुढची खोकी आपांकडे आहेत, आणि आता रविवारी मी इगतपुरीला जाते.

तेव्हा मी जे पाहिलं, तेवढंच सांगते. डब्यांच्या त्या रविवारी आपांनी पहाटेपासून स्वयंपाक केला होता. वरण-भात, बटाट्याची भाजी, पोळ्या. आम्ही रिक्षाने नदी ओलांडून पंचवटीत गेलो. तिथे पायऱ्यांवर बसणाऱ्या दहा जणांना सरांनी जेवू घातलं आणि प्रत्येकाचं नाव वहीत लिहून घेतलं. मी विचारलं, नावं कशाला? ते म्हणाले, आमच्या पंथाच्या मताने त्याच दहांना दिवसातून दोनदा, पोटभर. दुसरे दहा चालत नाहीत. म्हणून संध्याकाळी ऊन कलल्यावर आम्ही पुन्हा गेलो. नऊ जण सापडले. दहावी, यमुनाबाई नावाची एक म्हातारी, जागेवर नव्हती. मी म्हटलं, सर, तुम्ही बसा, मी शोधते. ते म्हणाले, शपथ माझी आहे. आणि डबा छातीशी धरून, काठी टेकत, एकेका माणसाला नाव विचारत ते भाजीबाजारापर्यंत चालले. दर दहा पावलांनी थांबत होते. यमुनाबाई एका बंद गाळ्याच्या ओट्यावर बसली होती.

तिने डबा उघडला आणि जेवू लागली. सर तिच्या शेजारी ओट्यावरच बसले. वाकत नसलेला पाय त्यांनी हाताने सरळ केला. तिने भात संपवला, भाजी संपवली. अर्धी पोळी ठेवून ती हात झटकायला लागली.

"पोट भरलं?" सरांनी विचारलं.

"भरलं रे बाबा."

"खरंच? नीट सांगा. नसेल भरलं तर माझं काम अडतं."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. काय वाटलं तिला कुणास ठाऊक, तिने ती अर्धी पोळीही घेतली आणि सावकाश चावत राहिली. सर वही उघडी ठेवून, तिचा शेवटचा घास होईपर्यंत तिच्याकडे बघत बसून राहिले.